राहून गेलेला दुसरा पाना

दसरा झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गॅरेजांसमोर उसाच्या गाड्यांची रांग लागते. संगमनेर, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कुठेही जा, ट्रक आणि ट्रॉल्या ठोकळ्यांवर चढवलेल्या असतात, चाके बाजूला निघालेली असतात, ब्रेक लायनर बदलणे, हबमध्ये ग्रीस भरणे, रिमांना रंग मारणे अशी कामे चाललेली असतात. गळीत हंगाम तोंडावर आलेला असल्यामुळे प्रत्येकाला घाई असते. चालत्या गाडीचे चाक निखळण्याचे प्रकार या तयारीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत घडण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. वर्षभर त्याच चाकांवर बिनतक्रार फिरलेली गाडी नीट दुरुस्त होऊन बाहेर पडते आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला चाक गमावते. मालक टायरवाल्याला दोष देतो, टायरवाला रस्त्यातल्या खड्ड्याला आणि ड्रायव्हर नशिबाला. कारण बहुतेक वेळा एकच असते. चाक काढून बसवल्यानंतर ठरावीक अंतरावर नट पुन्हा आवळायचे असतात, ते कोणी आवळलेले नसतात.

हे पुन्हा आवळणे का लागते, हे कळण्यासाठी आधी चाक गाडीला कशाच्या जोरावर धरलेले असते ते पाहावे लागेल. बहुतेकांची समजूत असते की चाकाचे वजन स्टडवर टांगलेले असते. तसे ते नसते. नट आवळला की स्टड किंचित लांबतो. लांबलेला स्टड मूळ लांबीवर यायला पाहतो आणि त्या ओढीने चाकाची डिस्क हबच्या तोंडावर दाबून धरतो. या दाबामुळे डिस्क आणि हब यांच्यात जे घर्षण तयार होते, तेच चाकाला जागेवर ठेवते. गाडीचे वजन, ब्रेकचा झटका, खड्ड्याचा दणका हे सगळे त्या घर्षणाने पेलायचे असते. स्टडने फक्त ओढून धरायचे. दाब कमी झाला आणि डिस्क हबवर सरकायला लागली की मग स्टडला आडवे धक्के बसू लागतात. आडवे धक्के सहन करण्यासाठी स्टड बनवलेलाच नसतो.

आता हिशोब ट्रकचा करू. मागे दुहेरी चाके असलेल्या दहा स्टडच्या ट्रकला साधारणपणे २२ मिलिमीटर जाडीचे स्टड असतात आणि ते सुमारे ६०० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तोच धरायचा, पण हिशोबापुरता हा आकडा घेऊ. एवढ्या आवळणीने एका स्टडमध्ये जवळपास १४ टनांची ओढ तयार होते. दहा स्टडची मिळून १४० टन. त्यातून मिळणारे घर्षण सुमारे २० टन. भरलेल्या गाडीच्या मागच्या एका बाजूवर पाच-सहा टन भार येतो, म्हणजे गाठीला भरपूर शिल्लक आहे असे दिसते. ही शिल्लक खड्डा आणि ब्रेक यांच्या दणक्यांसाठी ठेवलेली असते.

मग ही ओढ तयार करताना स्टड किती लांबतो? दोन डिस्क आणि हबची कड मिळून पकडीतली लांबी ५० मिलिमीटर धरली, तर स्टड लांबतो सुमारे ०.१ मिलिमीटर. वहीच्या एका कागदाइतका. सगळी पकड या कागदभर लांबण्यावर उभी आहे. हा आकडा लक्षात राहिला की पुढचे सगळे आपोआप कळते, कारण आवळल्यानंतर मधल्या थरांतून जेवढी जाडी दबून कमी होईल, तेवढी पकड त्याच प्रमाणात जाते. ०.०३ मिलिमीटर जाडी दबली तर तीस टक्के पकड गेली. त्यासाठी नट एक धागाही फिरावा लागत नाही. तो जिथे होता तिथेच असतो, दिसायला घट्टच असतो.

ही जाडी येते कुठून? दुहेरी चाकात हब आणि आतली डिस्क, आतली आणि बाहेरची डिस्क, बाहेरची डिस्क आणि नट अशा तीन ठिकाणी लोखंड लोखंडाला टेकते. हबचे एक तोंड आणि दोन डिस्कच्या दोन-दोन बाजू मिळून पाच पृष्ठभाग होतात. हंगामाआधी रिम रंगवताना रंगारी डिस्कलाही दोन्ही बाजूंनी हात मारतो, ड्रम चमकावा म्हणून हबच्या तोंडावरही ब्रश फिरवतो. रंगाचा एक हात ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर जाड धरला तरी पाच पृष्ठभागांचा मिळून ०.१५ ते ०.२० मिलिमीटर थर मध्ये अडकतो. गाडी चालू लागल्यावर ब्रेकची उष्णता आणि भार यांनी तो थर दबतो, कडेने बाहेर सरकतो. त्याचा पाचवा हिस्सा जरी दबला, तरी एक तृतीयांश पकड संपली. शिवाय रंगावर लोखंड सहज सरकते, त्यामुळे उरलेल्या दाबातूनही घर्षण कमीच मिळते. गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल, हबच्या कडेवरची ग्रीस, डिस्कच्या छिद्राजवळचे उठलेले बुरे हेही असेच वागतात. अगदी स्वच्छ, कोरड्या लोखंडाचेही बारीक उंचवटे थोडे बसतातच. म्हणून उत्तम काम केलेल्या चाकालाही पुन्हा पाना लावावा लागतो, आणि रंगवलेल्या चाकाला तर लावावाच लागतो.

समजा, नेवासे तालुक्यातल्या एका ट्रकची मागची डाव्या बाजूची जोडी लायनर बदलण्यासाठी काढली. रिम नुकत्याच रंगवलेल्या आहेत. मिस्त्रीने गनने नट बसवले, वरून पाइप लावून एकदा दाबले, गाडी मालकाच्या ताब्यात दिली. पहिल्या दिवशी गाडी रिकामी पन्नास-साठ किलोमीटर फिरली. अशा ट्रकचे चाक एका किलोमीटरला तीनशेच्या आसपास फेरे घेते, म्हणजे पंधरा हजारांवर फेरे झाले. रंग दबला, पकडीचा एक तृतीयांश गेला. या क्षणी कोणी पाना लावला असता तर प्रत्येक नट थोडा थोडा फिरला असता आणि गेलेली पकड परत आली असती, कारण दबायचे ते बरेचसे दबून झाले होते.

कोणी लावला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी फडात गेली. उसाने भरलेली गाडी सरीतून बाहेर काढताना चाकाला पीळ बसतो, मग कच्चा रस्ता, मग डांबरी रस्त्याच्या तुटक्या कडेवर चढणे. आता प्रत्येक दणक्याला डिस्क हबवर अगदी किंचित सरकू लागली. आडव्या सरकण्याने नट आपोआप सुटतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखवून दिले. उभ्या हादऱ्यांपेक्षा आडवी हालचाल नटाला किती तरी लवकर सोडवते. तिसऱ्या दिवशी एका-दोन नटांच्या भोवती तांबूस भुकटीची रेघ उतरलेली होती. ड्रायव्हरला ती चिखलाची वाटली. चौथ्या दिवशी एक स्टड तुटला. त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या दोघांवर आला, ते आधीच आडव्या धक्क्यांनी वाकत होते, त्यामुळे तेही काही किलोमीटरांत गेले. पहिला स्टड जायला दिवस लागतात, उरलेले सगळे एका खेपेत जाऊ शकतात. शेवटी शंभर किलोच्या आसपासचे चाक पन्नासच्या वेगाने गाडीच्या पुढे धावत सुटते. नगर-मनमाड रस्त्यावरून शिर्डीच्या पालख्या चालत जातात, रस्त्याच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात. त्या चाकाला ना ब्रेक असतो ना दिशा.

जोडी डाव्या बाजूची घेतली, ती मुद्दाम. आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये २००६ साली अवजड वाहनांच्या निखळणाऱ्या चाकांचा मोठा अभ्यास झाला. देशभरात वर्षाला १५० ते ४०० चाके निखळत असावीत असा अंदाज त्यात होता आणि मागच्या डाव्या बाजूची चाके जास्त जातात असे दिसून आले होते. नेहमीच्या उजव्या आट्यांचा नट डाव्या चाकावर असेल, तर गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरते तीच नट सुटण्याची दिशा असते. काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे देत, ते यामुळेच. शिवाय आपल्याकडे समोरून गाडी आली की डावे चाक साइडपट्टीवर उतरते आणि पुन्हा डांबरावर चढते, तो मार वेगळाच. वेळ कमी असेल तर तपासणी डाव्या मागच्या चाकापासून सुरू करा.

आता जास्त आवळल्याने ताणलेल्या स्टडकडे येऊ. इथे चूक उलट्या बाजूने होते. नट सैल राहू नये म्हणून माणूस पाइप घालतो, त्यावर उभा राहतो, वर झटके देतो. साठ किलोचा माणूस एक मीटर लांब पाइपच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी ५९० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. ट्रकच्या २२ मिलिमीटरच्या स्टडला हा बरोबर आहे. त्याने उडी मारली की पीळ बराच पुढे जातो. आणि तोच माणूस, तोच पाइप, छोट्या कारच्या चाकाला लागला तर? कारचा स्टड १२ मिलिमीटरचा, त्याला लागतात ९० ते १२० न्यूटन-मीटर. म्हणजे पाचपट जास्त पीळ. ट्रकचे काम करणारा टायरवाला सवयीने कारचे नटही तसेच आवळतो, आणि कारवाला समाधानाने निघून जातो की पोराने चांगले दाबून दिले.

स्टड एका मर्यादेपर्यंत लांबतो आणि परत येतो. ती मर्यादा ओलांडली की तो लांबलेलाच राहतो. पोलाद तिथे बारीक होते, आट्यांचे अंतर वाढते आणि परत येण्याची ओढ कमी होते. असा स्टड आवळताना हाताला कळतो. नट फिरत राहतो, पण त्या प्रमाणात जड होत नाही. सराईत मिस्त्री हे ओळखतात, मात्र पुष्कळदा अजून एक वळसा देऊन मोकळे होतात. तिथेच थांबून तो स्टड बदलायला हवा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावल्यानेही हेच घडते. पान्याने लावलेल्या जोरातला मोठा भाग नटाच्या बैठकीवरच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो, साधारण दहावा हिस्साच स्टडला ओढतो. तेलाने ते घर्षण कमी झाले की त्याच जोरात स्टड खूप जास्त ओढला जातो. म्हणून आटे तारेच्या ब्रशने साफ करून कोरडे ठेवायचे. तेलाचा थेंब कुठे लावायचा हे कंपनीने सांगितले असेल, तर तेवढाच आणि तिथेच. फिरत्या वॉशरच्या नटांना काही कंपन्या नट आणि वॉशर यांच्यामध्ये तेल सांगतात, ते वेगळे.

ताणलेला स्टड ओळखायला यंत्र लागत नाही. चाक काढलेले असताना स्टड साफ करा आणि एक नवा नट नुसत्या बोटांनी मुळापर्यंत फिरवत न्या. मध्येच अडकला आणि आटे साफ करूनही अडकतच असेल, तर तो स्टड ताणलेला तरी आहे किंवा त्याचे आटे मारलेले आहेत. दोन्ही बाबतींत तो काढायचा. दुसरी खूण म्हणजे नवा स्टड जुन्याच्या शेजारी आटे एकमेकांत बसतील असा धरा. सुरुवातीचे आटे नीट बसून पुढे फट दिसू लागली, तर जुन्याचे अंतर वाढलेले आहे. असा स्टड डाय फिरवून परत वापरण्याची पद्धत जिल्ह्यात सर्रास दिसते. आटे त्याने स्वच्छ दिसतात, गेलेली ताकद परत येत नाही. एक स्टड तुटला असेल तर तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे असे तीन बदला. दोन किंवा जास्त तुटले असतील, तर त्या हबचे सगळे. दहा स्टडचा खर्च निखळलेल्या चाकाच्या नुकसानीपुढे काहीच नाही.

ट्रॉल्यांबाबत मला जास्त काळजी वाटते. ट्रकला निदान एका कंपनीचा हब, तिचेच स्टड आणि तिचेच नट असण्याची शक्यता असते. ट्रॉलीला पुष्कळदा जुन्या ट्रकचा ॲक्सल, कुठून तरी आणलेल्या रिम आणि डब्यातून निवडून काढलेले नट असतात. नटाची बैठक तीन प्रकारची असते. उतरती, गोल आणि सपाट. रिमच्या छिद्राचा आकारही त्याला जुळणारा हवा. उतरत्या छिद्रात सपाट नट बसवला तर तो फक्त कडेवर टेकतो, ती कड दबत जाते आणि पकड सुटते. काही चाके हबच्या मधल्या उंचवट्यावर मध्य साधतात, काही नटाच्या उतरत्या बैठकीवर. या दोन प्रकारांच्या रिम आणि नट यांची सरमिसळ करू नये. नवी रिम आणली की नट तिच्या छिद्रात हाताने बसवून पाहा. तो सगळीकडून टेकला पाहिजे, डुलता कामा नये. कारला लोखंडी रिम काढून अलॉय व्हील बसवणाऱ्यांनाही हेच लागू आहे. अलॉयची डिस्क जाड असते, त्यामुळे जुन्या नटाला पुरेसे आटे मिळतात की नाही हेही पाहावे लागते.

ट्रॉलीचे चाक कधी कधी हबसकट निघते. ते प्रकरण बेअरिंगचे. स्टड आणि नट जागच्या जागी असतात, पण हबच ॲक्सलवरून सुटलेला असतो, कारण ग्रीस संपून बेअरिंग जळालेले असते किंवा टोकाच्या नटाची कॉटर पिन परत घातलेली नसते. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहा. खडखड लागली किंवा फिरवताना घरघर ऐकू आली तर हब उघडा. कॉटर पिन दर वेळी नवी, जुनी सरळ करून घालायची नाही. याबद्दल इथे इतकेच.

चाक बसवताना क्रम असा ठेवा. हबचे तोंड आणि डिस्कच्या दोन्ही बाजू तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासा. रिम रंगवायची असेल तर खुशाल रंगवा, पण डिस्क जिथे टेकते तो पट्टा आणि नटाच्या बैठका कागदाची चिकटपट्टी लावून कोऱ्या ठेवा. चाक चढवून प्रत्येक नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा. गनने सुरुवात केली तर नट तिरका चढतो आणि आटे जातात. मग समोरासमोरचे नट या क्रमाने, एका दमात न आवळता दोन-तीन फेऱ्यांत जोर वाढवत जा. शेजारी शेजारी आवळत गेलात तर डिस्क एका बाजूने वाकडी बसते आणि पहिल्या काही किलोमीटरांत ती सरळ होताना सगळी पकड सैल होते. गन जवळ आणण्यापुरती वापरा. शेवटची फेरी टॉर्क पान्याने.

टॉर्क पाना प्रत्येक गावात मिळेलच असे नाही. पण कांदा किंवा कापूस तोलायचा हुकाचा लटकता काटा बहुतेक शेतकऱ्यांकडे असतो, त्यावर काम भागते. पान्याला पाइप घाला आणि नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर खूण करा. त्या खुणेला काट्याचा हूक अडकवून पाइपशी काटकोनात ओढा. काट्यावर ६० किलो दिसले की सुमारे ५९० न्यूटन-मीटर झाले. कारसाठी ११० न्यूटन-मीटर हवे असतील तर ११ किलो. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातून घ्या आणि त्याला ९.८ ने भागा, एक मीटरवर किती किलो ओढायचे ते मिळेल. काटकोन सुटला किंवा झटका दिला तर आकडा चुकतो, म्हणून सावकाश, एकसारखे ओढा. टॉर्क पान्याइतके हे नेमके नाही, पण डोळ्यांवर आणि पायाच्या दाबावर विसंबण्यापेक्षा किती तरी भरवशाचे आहे.

आणि मग दुसरा पाना. चाक बसवून गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की थांबून सगळे नट त्याच जोराने पुन्हा तपासायचे. नगरमधून निघालात तर शिर्डीच्या बाजूला राहुरी ओलांडून कोल्हारपर्यंत, पुण्याच्या बाजूला शिरूरपर्यंत हे अंतर होते. चहाला थांबायची जागा आधीच ठरलेली असते, पाना तिथेच काढा. ब्रेक तापलेले असतील तर हात लावण्याइतके निवू द्या, गरम चाकावर मिळालेला आकडा खरा नसतो. नट आधी सैल करू नका. नुसता ठरलेल्या जोरापर्यंत पाना लावा. जो हलला नाही तो ठीक. सगळे थोडे थोडे हलले तर थर दबला होता, तो आता भरून निघाला. एखादाच खूप फिरला तर त्याची बैठक, त्याचा स्टड पाहा. उसाच्या गाडीला आणखी एकदा, पहिली भरलेली खेप कारखान्यात रिकामी झाल्यावर पाना लावा, कारण रिकाम्या गाडीने जे दबले नव्हते ते भाराने दबते. पंक्चर काढल्यावरही हा नियम तसाच. रात्री रस्त्यावर स्टेपनी बदलली तर सकाळी पाना लावल्याशिवाय लांबच्या रस्त्याला निघू नका.

नट तपासून झाला की पांढऱ्या रंगाच्या पेनने नटावरून डिस्कवर एक सरळ रेघ ओढा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. नटावर बसणारे पिवळे प्लास्टिकचे बाणही मिळतात, दोन बाण एकमेकांकडे तोंड करून बसवायचे आणि रोज सकाळी चालत एक नजर टाकायची. पण या खुणांची मर्यादा ओळखून असा. नट न फिरताही रंग दबून पकड जाते, हे वर पाहिलेच. रेघ सरळ आहे म्हणून दुसरा पाना टळत नाही. हातोडीने नट ठोकून आवाज ऐकण्याची जुनी पद्धत फक्त अगदी सैल नट पकडते, अर्धी पकड गेलेला नट खणखणीतच वाजतो.

रोजच्या फेरीत काय दिसले तर गाडी हलवायची नाही, तेही सांगतो. नटाखालून चाकाच्या मध्यापासून बाहेर गेलेली तांबूस रेघ, नटाभोवती घासून चकाकलेले लोखंड, एखादा नट गायब, रिमचे छिद्र लांबट झालेले. चालत्या गाडीत मंद वेगाला एकसारखी टक्-टक् ऐकू येते, वेग वाढला की ती विरते आणि स्टिअरिंग किंवा गाडीचा मागचा भाग थरथरू लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या आणि डावीकडे थांबा. सैल चाकावर चाललेली गाडी नुसते नट आवळून पुढे नेऊ नये. त्या दरम्यान स्टड आडवे वाकलेले असतात, त्यांच्यात चिरा गेलेल्या असू शकतात. ते वरून घट्ट वाटतात आणि पुढच्या खेपेला तुटतात. छिद्रे लांबट झालेली रिम तर भंगारातच जायला हवी. वेल्डिंगने छिद्र भरून ती परत चढवलेली दिसते, ते फार धोक्याचे आहे, कारण बैठक पूर्वीसारखी कधीच होत नाही आणि तापवलेल्या जागेच्या कडेने चीर जाते.

दुसरा पाना का राहतो, याचे उत्तर तांत्रिक नाही. मिस्त्रीला वाटते, गाडी परत आली तर आवळू. ड्रायव्हरला वाटते, गॅरेजमधून आली आहे म्हणजे झालेले असणार. मालक फोनवर असतो. टोळीचा मुकादम घाई करतो, कारण फडात तोडलेला ऊस वाळतो आणि वजन घटते. काम कोणाचे हे ठरलेले नसते, म्हणून ते कोणाचेच राहत नाही. ते ठरवण्याचा सोपा मार्ग गॅरेजच्या बिलात आहे. चाक काढून बसवल्याच्या बिलावर गॅरेजवाल्यांनी तीन गोष्टी लिहाव्यात. कोणते चाक काढले, किती जोराने आवळले आणि किती किलोमीटरच्या मीटरवर पुन्हा तपासायचे. तो किलोमीटरचा आकडा खडूने डॅशबोर्डवरही लिहावा. मालकांनी हे लिहून मागावे, आणि पुन्हा आवळून देण्याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर ते द्यावेत. ज्यांच्या वीस-पंचवीस गाड्या कारखान्याला लागलेल्या आहेत, त्यांनी एक टॉर्क पाना विकत घेऊन गाडीतळावर ठेवावा. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात काट्याच्या रांगेत गाड्या तासन्‌तास उभ्या असतात, तेवढ्या वेळात एक माणूस सगळ्यांच्या नटांवर हात फिरवू शकतो. काम झाल्यावर पान्याची सेटिंग खाली आणून ठेवावी आणि नट सोडवायला तो पाना कधीही वापरू नये, नाही तर त्याचा आकडा चुकू लागतो.

यंदाच्या हंगामाला ज्यांच्या गाड्या आधीच गॅरेजमधून बाहेर पडल्या आहेत आणि नट पुन्हा आवळल्याचे आठवत नाही, त्यांनी पुढची खेप भरण्याआधी डाव्या मागच्या चाकाला पाना लावून पाहावा.